मृत्यू सारांश व मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 4 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
जिल्हा रुग्णालय, सिंधुदुर्गनगरी

अर्जदार : श्रीमती सुप्रिया सदानंद परब, ता. कुडाळ

महोदय,

माझे पती कै. सदानंद यशवंत परब, वय 46 वर्षे, यांना भातलावणीच्या दिवसांत ताप येऊन दिनांक 16 जुलै 2025 रोजी आपल्या रुग्णालयात दाखल केले होते (आंतररुग्ण क्रमांक 4172) व दिनांक 19 जुलै रोजी पहाटे अतिदक्षता विभागात त्यांचे निधन झाले. त्यांची आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी डिसेंबर 2023 पासून सुरू असून त्यावर वारस म्हणून माझे नामनिर्देशन आहे. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच मृत्यू झाल्याने आजार कोणता होता व तो केव्हा सुरू झाला याची महामंडळ चौकशी करणार आहे. मृत्यू नोंदणीचा दाखला मी शाखेत दिला आहे. परंतु त्यावर मृत्यूचे कारण नसल्याने तेवढ्यावर दावा पुढे सरकत नाही.

म्हणून मला मृत्यू सारांश, तसेच जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 10 मधील 2023 च्या दुरुस्तीनुसार जवळच्या नातेवाइकास द्यावयाची मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत सही-शिक्क्यानिशी मिळावी. सोबत जोडलेले महामंडळाचे 3784 व 3816 क्रमांकाचे नमुनेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून मिळावेत.

याबाबत दोन गोष्टी आपल्या नजरेस आणू इच्छिते. दिनांक 18 जुलै रोजी तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताचा लेप्टोस्पायरोसिसचा अहवाल पती गेल्यानंतर, दिनांक 22 रोजी आला. त्यामुळे सारांश आधीच तयार झाला असल्यास त्यात या अहवालाची नोंद घ्यावी, आणि हृदयक्रिया बंद पडली एवढेच न लिहिता मूळ आजार व त्यातून मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंतचा क्रम स्पष्ट लिहावा. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात केसपेपरवर जे असेल तेच यावे. अंदाजाने लिहिलेले एखादे वर्षही अशा दाव्यात अडचणीचे ठरते.

दुसरे असे की, दाखल करतेवेळी घाईत शेजाऱ्यांनी नाव ‘सदा परब’ असे सांगितले होते व केसपेपरवर तसेच लागले आहे. आधार कार्डाची प्रत जोडली असून, तीवरून खातरजमा करून दोन्ही कागदपत्रांवर पूर्ण नाव नमूद करावे, कारण पॉलिसीवर पूर्ण नाव आहे.

नकलांचे नियमानुसार होणारे शुल्क मी भरीन व पावती सादर करीन. कागदपत्रे तयार झाल्यावर केसपेपरवरील भ्रमणध्वनी क्रमांकावर कळवावे; मी स्वतः येऊन पोच देऊन ती घेऊन जाईन. मला येणे न जमल्यास माझे दीर श्री. महेश यशवंत परब यांच्याकडे ती द्यावीत, तसे अधिकारपत्र सोबत आहे.

आपली विश्वासू,
सुप्रिया सदानंद परब

सोबत : मृत्यू नोंदणीचा दाखला, दोघांची आधार कार्डे, नामनिर्देशनासह पॉलिसीचे पहिले पान, महामंडळाचे दोन कोरे नमुने आणि अधिकारपत्र.