विषय : संरचनात्मक तपासणी अहवालाची फाइल मिळालेली नाही, कृपया पुन्हा पाठवावी

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
दि. १३ मार्च २०२६

प्रति,
मा. संरचना अभियंता (स्ट्रक्चरल ऑडिटर)

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीसंबंधीचा आपला ई-मेल काल, १२ मार्च रोजी, संध्याकाळी मिळाला. ‘अहवाल सोबत जोडला आहे, तो पाहून सारांशपत्रावर समितीची स्वाक्षरी करून पाठवावी’ असे आपण त्यात लिहिले आहे, परंतु त्या ई-मेलसोबत कोणतीही फाइल आमच्यापर्यंत पोहोचलेली नाही. अहवाल किंवा सारांशपत्र यांपैकी काहीही आम्ही पाहिलेले नसल्यामुळे त्यांतील मजकुराबद्दल या पत्रात कोणताही अभिप्राय दिलेला नाही.

आमच्या बाजूने जे पाहता येण्यासारखे होते ते पाहिले आहे. संस्थेचे खाते मोबाइलवर आणि संगणकावर अशा दोन्ही ठिकाणी उघडून पाहिले, स्पॅममध्येही शोधले. समितीतील एक सदस्य संगणक क्षेत्रात काम करतात. त्यांनी ‘Show original’ मध्ये जाऊन ई-मेलची मूळ रचना तपासली, तेव्हा तीत `Content-Type: multipart/alternative` एवढाच प्रकार आढळला, म्हणजे एकाच मजकुराची साधी आणि सजवलेली अशी दोन रूपे होती आणि फाइलचा स्वतंत्र भाग कोठेही नव्हता. मजकुरात ड्राइव्हची लिंकही नाही. त्यामुळे ई-मेल आपल्याकडून निघतानाच फाइल जोडायची राहिली असावी, असे वाटते. असे कोणाच्याही हातून होते, त्यात तक्रारीचा भाग नाही.

आम्ही काय वाचले आहे हे मात्र नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. आपल्या ई-मेलच्या मजकुरातून आम्हाला तीनच गोष्टी समजल्या : तळमजल्यावरील काही स्तंभांबाबतचे निष्कर्ष अहवालात स्वतंत्र प्रकरणात दिले आहेत, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाचा तक्ता परिशिष्टात आहे, आणि सात दिवसांत हरकत न आल्यास अहवाल समितीला मान्य असल्याचे समजण्यात येईल. स्तंभांची स्थिती नेमकी काय आहे, इमारत कोणत्या श्रेणीत येते आणि अंदाजपत्रकाचा आकडा किती आहे, यांपैकी काहीही आम्हाला माहीत नाही. ‘निष्कर्षांशी समिती सहमत आहे का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आज होकारार्थीही देता येत नाही आणि नकारार्थीही देता येत नाही. सात दिवसांची मुदतही फाइल प्रत्यक्ष हाती आल्याच्या दिवसापासून मोजावी, ही विनंती.

एवढ्या बारकाईने लिहिण्याचे कारण आपण जाणताच. इमारत १९८८ सालची आहे, म्हणजे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब मधील तीस वर्षांची मर्यादा तिने केव्हाच ओलांडली आहे. अहवालातील श्रेणीवर येथील प्रत्येक कुटुंबाचा पुढचा निर्णय ठरणार आहे. सी-१ आल्यास इमारत रिकामी करून पाडावी लागते, सी-२ए आल्यास काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करावी लागते, सी-२बी मध्ये राहत्या घरांतच संरचनात्मक दुरुस्ती होऊ शकते, आणि सी-३ मध्ये किरकोळ कामांवर भागते. ‘अहवाल मिळाला, पाहिला’ असे एक वाक्य मी सौजन्य म्हणून लिहिले, तर उद्या तेच इतिवृत्तात जाईल आणि त्यानंतर पहिला सभासद मला श्रेणी विचारील.

यानिमित्ताने एक विनंती अशी, की फाइल पुन्हा पाठवताना केवळ सारांशपत्र न पाठवता परिशिष्टांसह संपूर्ण अहवाल पाठवावा. रिबाउंड हॅमरच्या चाचणीतून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा समजतो आणि हाफ-सेल पोटेन्शियलच्या वाचनातून सळ्या गंजत असण्याची शक्यता किती आहे ते समजते, परंतु काँक्रीटच्या प्रत्यक्ष ताकदीबाबत कोअर चाचणीचे निकालच अधिक भरवशाचे असतात, असे आपणच पाहणीच्या वेळी आम्हाला समजावून सांगितले होते. ते निकाल, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीचे तक्ते, कार्बोनेशनची खोली आणि कोणते वाचन कोणत्या स्तंभावर घेतले हे दाखवणारा नकाशा पाहिल्याशिवाय समितीने स्वाक्षरी करावी, असे मला वाटत नाही. बी विंगच्या जिन्याखालील तुळई आणि गच्चीवरील पाण्याची टाकी यांबाबत आम्ही पाहणीच्या दिवशी लेखी प्रश्न दिले होते, त्यांची उत्तरे अहवालात असतील तर तो पान क्रमांकही कळवावा.

छायाचित्रांमुळे अहवालाची फाइल मोठी झाली असण्याची शक्यता आहे. संस्थेचे खाते जीमेलवर आहे. आपणही जीमेलवरूनच पाठवत असाल, तर तेथून पाठवताना फाइलची मर्यादा २५ एमबी असते. पाठवताना फाइलचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, त्यामुळे वीस एमबीच्या आसपासची फाइलही काही वेळा अडते. तसे असल्यास अहवाल आणि परिशिष्टे दोन वेगळ्या ई-मेलमधून पाठवावीत. ड्राइव्हची लिंक पाठवायची असल्यास ती लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल अशी ठेवावी, अन्यथा समितीतील प्रत्येकाला आपल्याकडे परवानगी मागावी लागेल आणि त्यात आणखी दिवस जातील. फाइल पीडीएफ स्वरूपात असावी आणि ई-मेलच्या मजकुरात तिचे नाव व एकूण पाने लिहावीत, म्हणजे पूर्ण अहवाल मिळाल्याची खात्री आम्हाला लगेच करता येईल. आपली स्वाक्षरी आणि शिक्का असलेली छापील प्रत तर लागेलच. ती संस्थेच्या कार्यालयात सायंकाळी सात ते नऊ या वेळेत स्वीकारली जाईल. फक्त १९ तारखेला गुढीपाडव्यामुळे कार्यालय बंद आहे.

समितीची सभा रविवार, २२ मार्च रोजी सकाळी साडेदहा वाजता ठेवली आहे. अहवाल सोमवार, १६ मार्चपर्यंत मिळाल्यास सदस्यांना तो वाचायला पुरेसा वेळ मिळेल आणि सभेनंतर आम्ही आपल्याला लेखी उत्तर देऊ. त्यानंतर मिळाल्यास सभा पुढे ढकलावी लागेल. अहवाल न वाचता त्यावर चर्चा घेण्याचा आमचा विचार नाही.

एका बाबतीत मात्र फाइलची वाट पाहू नये. एखाद्या स्तंभाला किंवा तुळईला तातडीने टेकू देणे गरजेचे आहे, अथवा इमारतीचा एखादा भाग लगेच वापराबाहेर ठेवायला हवा, असा आपला निष्कर्ष असेल, तर तो कृपया आजच मला दूरध्वनीवर सांगावा आणि दोन ओळींत ई-मेलने कळवावा. तशी सूचना मिळाल्यास आम्ही त्याच दिवशी टेकू लावू आणि संबंधित कुटुंबांना कळवू. ती कार्यवाही सुरक्षिततेसाठी असेल, तिचा अर्थ अहवाल मान्य केला असा होणार नाही.

या ई-मेलची पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
मानद सचिव
(व्यवस्थापन समितीच्या वतीने)

ता. क. : ‘इमारत सी-१ मध्ये गेली’ असा निरोप आज सकाळपासून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत आहे. तो कोठून आला हे मला ठाऊक नाही आणि अहवाल हाती नसल्याने तो मी खराही म्हणू शकत नाही, खोटाही म्हणू शकत नाही. गटात मी एवढेच लिहिले आहे, की अहवाल अद्याप संस्थेला मिळालेला नाही आणि मिळताच त्याची प्रत कार्यालयात सर्वांना पाहायला ठेवली जाईल. आपल्याला थेट दूरध्वनी करणाऱ्या सभासदांना कृपया संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावे.