महामार्ग भूसंपादन हरकत: दाखल करण्याआधीची शेवटची तपासणी

बेळगाव तालुक्यातील १८ खातेदारांची एकत्रित हरकत. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ३सी.
राजपत्रात प्रसिद्धी: ३ जून २०२५. शेवटचा दिवस: २४ जून. आपण देणार: शुक्रवार, २० जून.

ही तपासणी ज्याने अर्ज लिहिला त्याने करू नये. लिहिणाऱ्याच्या डोळ्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, कागदावर काय उतरलंय ते दिसत नाही. दोघं बसा. एकाने मूळ कागद (राजपत्र, आरटीसी उतारा, आधार) मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने अर्जाच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने खूण करायची. स्क्रीनवर तपासू नका. अंक सुटे वाचा: ‘एकशे सत्तावन्न’ नको, ‘एक, पाच, सात’ म्हणा.

नावं

एकाच माणसाचं नाव आपल्याकडे चार ठिकाणी चार तऱ्हेने असतं. उताऱ्यावर कन्नडमध्ये, राजपत्रात इंग्रजी-हिंदीत, आधारवर इंग्रजीत, आणि घरात मराठीत. परशराम-परशुराम, यल्लाप्पा-यल्लप्पा, गावडे-गवडे. उताऱ्यावर बरेचदा आडनाव नसतं, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. आपल्या मताने ‘बरोबर’ नाव लिहू नका. उताऱ्यावर आहे ते जसंच्या तसं, आणि आधारवर वेगळं असेल तर पुढे ‘उर्फ’ लावून तेही.

☐ उताऱ्यावर अजून मयत आजोबा किंवा वडिलांचं नाव आहे का? मग सही करणाऱ्याने ‘मयत खातेदाराचा वारस’ असं स्पष्ट लिहावं. मृत्यू दाखला आणि वंशावळ जोडलेली असावी. ही जोडणी नसेल तर सुनावणीत पहिला प्रश्न येतो तो ‘तुमचा या जमिनीशी संबंध काय’ हा, आणि हरकतीचा मूळ मुद्दा मागे पडतो.
☐ सामाईक खात्यात सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का? एकच भाऊ सही करत असेल तर बाकीच्यांचं अधिकारपत्र हवं.
☐ अंगठा असेल तिथे शेजारी अंगठा कोणाचा ते लिहून साक्षीदाराची सही.
☐ अधिकाऱ्याचं पदनाम राजपत्रात छापलंय तेच. अधिकाऱ्याचं नाव घालू नका. बदली होते, पद राहतं.
☐ शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ आहे. पत्त्यात तेच. जुन्या खरेदीखताचा उल्लेख असेल तिथे मात्र त्या कागदावरचं नाव बदलू नका.

आकडे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

उतारा एकर-गुंठ्यांत असतो, राजपत्र हेक्टर किंवा चौरस मीटरमध्ये. १ एकर १२ गुंठे म्हणजे १.१२ एकर नव्हे. एकराला ४० गुंठे, म्हणून ५२ गुंठे, म्हणजे १.३० एकर, म्हणजे ०.५२६१ हेक्टर. टायपिस्टने ‘१-१२’चं ‘१.१२’ केलं आणि कोणी त्याला एकर समजून गुणलं, तर ४,५३२ चौरस मीटर येतात, खरे ५,२६१. कागदावर सात गुंठ्यांहून जास्त जमीन गेली, तीही आपल्याच सहीने. म्हणून अर्जात टिंब वापरूच नका. ‘१ एकर १२ गुंठे’ असं शब्दांसकट लिहा, पुढे हेक्टर.

☐ १ गुंठा = १०१.१७ चौरस मीटर. प्रत्येक ओळ कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा.
☐ उताऱ्यात गुंठ्यानंतर आणे असतील तर ते गाळू नका. १६ आण्यांचा गुंठा.
☐ एकूण क्षेत्र: १८ ओळींचे सगळे गुंठे करून बेरीज, मग ४० ने भागा. एकर वेगळे, गुंठे वेगळे मिळवले तर हातचा राहतो.
☐ सर्व्हे नंबर आणि हिस्सा: ५७/२अ आणि ५७/२ या दोन वेगळ्या जमिनी. हिस्सा ‘क’ इंग्रजीत ‘सी’ लिहायचा की ‘के’, हा वाद घालत बसू नका, राजपत्रात आहे तो.
☐ हाताने लिहिलेल्या जुन्या कन्नड कागदांवर सहा आणि नऊ हे अंक एकमेकांसारखे दिसतात. शंका आली तर छापील उताऱ्याशी ताडून पाहा.
☐ मराठी प्रत आणि कन्नड प्रत समोरासमोर ठेवून फक्त आकडे वाचा. दोन्हींत एक जरी आकडा वेगळा निघाला तरी दोन्ही प्रतींवरचा विश्वास जातो.

तारखा

मुदत २१ दिवसांची, राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून. प्रसिद्धीचा दिवस सोडून मोजा: ३ जूनची २४ जून होते. वर्तमानपत्रात जाहिरात १२ जूनला आली, तिथून मोजलं तर ३ जुलै येते आणि हरकत नऊ दिवस उशिरा पोचते. गावात बहुतेकांच्या हाती वर्तमानपत्राचं कात्रणच असतं, म्हणून ही चूक वारंवार होते.

☐ तारखेत महिना अक्षरी: ३ जून २०२५. प्रत्येक तारखेचा वार कॅलेंडरवर बघा.
☐ अर्जावरची तारीख २० जून, आणि सह्यांखालच्या तारखा त्याच्या पुढच्या नाहीत.

जोडण्या

☐ अर्जात ‘सोबत जोडले आहे’ असं जिथे जिथे आहे तिथे बोट ठेवून तो कागद काढून बघा.
☐ प्रत्येक खातेदाराचा आरटीसी उतारा, म्युटेशन, मोजणी नकाशा. राजपत्राची संबंधित पानं.
☐ उताऱ्यात जमीन खुष्की आणि अर्जात उसाचा बागायती मळा असेल तर विहिरीचा फोटो आणि पंपाचं हेस्कॉम बिल हवंच. बिलावरचं नाव आणि सर्व्हे नंबर बघा. पंप शेजारच्या हिश्श्यात निघतो तेव्हा अडचण होते.
☐ आधारच्या प्रतीवर पहिले आठ अंक झाका.
☐ पानांना सलग क्रमांक, आणि अनुक्रमणिका सर्वांत शेवटी करा. आधी केली की पान वाढतं आणि सगळे क्रमांक सरकतात.
☐ कन्नड मजकूर नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ईमेलला वर्ड फाइल जोडू नका, समोर नुसत्या खुणा दिसतात. पीडीएफ करा, ती दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा.

भाषा

पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन जाते तेव्हा राग येणारच, आणि तो रास्त आहे. पण वाचणाऱ्याला हरकत फेटाळायला सोपं जावं असं एकही वाक्य ठेवू नका. ‘अधिकारी दलालांना सामील आहेत’ हे पुराव्याशिवाय काढा. त्या जागी: ‘सर्व्हे नंबर ५७/२अ मधील विहिरीवर इतर तीन खातेदारांचे पाणी अवलंबून आहे, नियोजित रेषेत ही विहीर जाते.’

दर कमी मिळेल ही तक्रार इथे नको. भरपाई ३जी मध्ये ठरते. आत्ताच दर मागितला तर जमीन द्यायला तयार आहात असा अर्थ लावता येतो. सीमाप्रश्नाचं वाक्यही या अर्जात नको. तो प्रश्न आपल्या सगळ्यांच्या जिवाचा आहे, पण २००४ पासूनचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि हा अधिकारी त्यावर काही ठरवू शकत नाही.

☐ ‘आम्हांस समक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य वेगळ्या परिच्छेदात आहे का? हा हक्क ३सी मध्येच दिलेला आहे.
☐ ‘विनंती’ आणि ‘हरकत’ यांची सरमिसळ नको. विषयाच्या ओळीत ‘हरकत’ हाच शब्द.

दुरुस्ती केलेलं प्रत्येक पान आणि त्याच्या पुढचं पान पुन्हा वाचा. जुन्या छापील प्रती लगेच फाडा. अर्ज दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, आणि तिथेच उभं राहून शिक्क्यातली तारीख वाचा.