टोकन, नंबर आणि अंदाजे वेळ: मेडिसिन ओपीडीत थांबलेल्यांसाठी

सगळ्यात आधी हे वाचा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, घेरी येत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडल्यासारखा वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर टोकन घेऊ नका. घेतलं असेल तर नंबरची वाट पाहू नका. सरळ तळमजल्यावरच्या अपघात विभागात जा, किंवा समोर दिसतील त्या सिस्टरना सांगा. बाकावर बसल्या बसल्या त्रास वाढला तरी हेच करा. ‘आता उठलो तर नंबर जाईल’ म्हणून कळ काढत बसलेली माणसं आम्हाला रोज दिसतात. तुमचा नंबर आम्ही सांभाळू.

बाकी सगळ्यांनी पुढचं वाचावं. वाट पाहायला वेळ आहेच.

तुमच्या हातात नक्की कोणतं टोकन आहे?

या इमारतीत एका माणसाच्या हातात दिवसभरात तीन टोकनं येऊ शकतात: केसपेपर खिडकीचं, डॉक्टरांचं आणि रक्त तपासणीचं. तिन्ही दिसायला सारखी, नंबर मात्र वेगवेगळे. निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. केसपेपरचा नंबर १२ असलेला माणूस डॉक्टरांच्या खोलीबाहेर १२ नंबरची वाट पाहत बसतो, आणि तो नंबर कधीच पुकारून झालेला असतो. केसपेपर मिळाला की त्या टोकनाचं काम संपलं, ते टाकून द्या. डॉक्टरांच्या टोकनावर आकड्याच्या आधी एक अक्षर असतं. अक्षर नसेल तर ते डॉक्टरांचं टोकन नाही.

न म्हणजे नवीन तक्रार घेऊन आलेले पेशंट. फ म्हणजे फेरतपासणी. आधीचा केसपेपर आहे, औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांनी ठरलेल्या दिवशी बोलावलंय असे. ज म्हणजे ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि गरोदर महिला. खोली ४ आणि ५ मध्ये न आणि ज पाहिले जातात, खोली ६ मध्ये फक्त फ.

पडद्यावर न-१४ नंतर ज-४ आणि लगेच फ-३१ दिसला म्हणून कोणी मध्ये घुसलं असं नाही. या तीन वेगळ्या रांगा आहेत, फक्त एका पडद्यावर दिसतात. तुमच्या अक्षराचाच आकडा पाहा, बाकीचे सोडून द्या.

वेळ कशी काढली जाते

टोकनाच्या खाली ‘अंदाजे वेळ’ म्हणून दोन वेळा छापलेल्या असतात. त्या कोणी मनाने लिहीत नाही. हिशोब साधा आहे: तुमच्या पुढे किती जण आहेत, एका पेशंटला सरासरी किती मिनिटं लागतात आणि किती खोल्या चालू आहेत.

समजा, तुम्हाला ९:४० वाजता न-३८ मिळालं आणि त्याच क्षणी न-१४ आत गेला. म्हणजे १५ ते ३७, असे २३ जण तुमच्या आधी. दर चार न नंतर एक ज बोलावला जातो, त्यामुळे मध्ये पाच ज धरायचे. झाले २८. दोन खोल्या चालू आहेत, म्हणजे प्रत्येक खोलीच्या वाट्याला १४. एका पेशंटला सरासरी ८ मिनिटं धरली तर ११२ मिनिटं, म्हणजे साधारण ११:३२. टोकनावर छापून येईल ‘११:२० ते ११:५५’.

यातली ८ मिनिटं कायमची नाहीत. त्या-त्या वेळी शेवटच्या १२ पेशंटना किती वेळ लागला त्याची ती सरासरी असते, म्हणून ती दिवसभर खालीवर होते. ओपीडी ८:३० ला सुरू होते तेव्हा हाताशी आकडेच नसतात. तेव्हा मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराची सरासरी घेतली जाते. सकाळच्या पहिल्या टोकनांचे अंदाज जास्त चुकतात ते यामुळेच.

आता, एकच वेळ का देत नाही? कारण ती खोटी ठरेल. एखादा पेशंट तीन मिनिटांत बाहेर येतो, एखाद्याला पंचवीस मिनिटं लागतात, आणि दार उघडून आत जाईपर्यंत कोण कोणता हे कोणालाच माहीत नसतं. छापलेल्या वेळा पाहिल्यात तर लक्षात येईल की ११:३२ च्या अलीकडे १२ मिनिटं सोडली आहेत आणि पलीकडे २३. कारणही तेच. पेशंट लवकर आटोपला तर फार तर चार-पाच मिनिटं वाचतात. अवघड निघाला तर पंधरा-सतरा मिनिटं जातात. उशिराची बाजू नेहमी लांब असते.

नंबर जवळ येईल तसा अंदाज पक्का होत जातो. पुढे २८ जण असताना पस्तीस मिनिटांचा फरक धरावा लागतो, पुढे चार जण उरले की तो दहा मिनिटांवर येतो. म्हणून टोकनावरची वेळ ही फक्त टोकन घेतलं त्या क्षणाची समजा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली वेळ दर पाच मिनिटांनी बदलते. भरवसा ठेवायचा तर तिच्यावर.

वेळ पुढे-मागे का होते

डॉक्टरांना वॉर्डातून तातडीचं बोलावणं येतं. तेव्हा पडद्यावर त्या खोलीसमोर ‘तातडीच्या कामात’ अशी पाटी येते आणि अंदाजाच्या जागी नुसती रेघ दिसते. रेघ म्हणजे यंत्र बिघडलं असं नव्हे. डॉक्टर कधी परततील ते आम्हालाही माहीत नसतं, म्हणून वेळ दाखवत नाही. मात्र दोनपैकी एक डॉक्टर अर्धा तास गेले तर तुमचा पूर्ण अर्धा तास जात नाही, कारण दुसरी खोली चालूच असते आणि उशीर दोन्हीकडे वाटला जातो. तुमच्या वाट्याला साधारण पंधरा मिनिटं येतात.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. सकाळी डॉक्टरांनी एक्स-रे किंवा रक्त तपासायला पाठवलेला माणूस रिपोर्ट घेऊन परत येतो तेव्हा त्याला नवं टोकन घ्यावं लागत नाही. त्याच डॉक्टरांकडे, दोन पेशंटच्या मध्ये, त्याला आत सोडतात. बाहेर बसलेल्यांना हे घुसखोरीसारखं दिसतं, ते आम्ही समजू शकतो. पण तो त्याची रांग सकाळीच लावून गेलेला आहे. पुन्हा शेवटी उभा केला तर त्याची तपासणी संध्याकाळपर्यंत पुरी व्हायची नाही. असे किती जण कधी परततील हे हिशोबात नीट बसत नाही. साडेदहानंतर, रिपोर्ट यायला लागले की अंदाज हळूहळू मागे सरकतात. त्या वेळेचं टोकन असेल तर मनातल्या मनात आणखी दहा-पंधरा मिनिटं जोडा.

ज टोकनांबद्दलही विचारणा होते. वरच्या उदाहरणात पाच ज मुळे न-३८ ला वीस मिनिटं जास्त थांबावं लागतं. हे आम्हाला माहीत आहे आणि ते जाणूनबुजून ठेवलेलं आहे. ज आधी सोडतात म्हणजे सगळ्यांच्या आधी नाही. चारामागे एक, त्याहून जास्त नाही. ज च्या रांगेतही वाट पाहावी लागतेच.

आणि नंबर लवकरही लागतो, हे बहुतेक जण विसरतात. बोलावलेला माणूस हजर नसेल तर मागच्या सगळ्यांची साधारण चार-चार मिनिटं वाचतात. असे पाच जण गेले तर ११:३२ चे ११:१२ होतात, म्हणजे छापलेल्या पहिल्या वेळेच्याही आधी. बाहेर जायचं असेल तर पहिल्या वेळेच्या निदान वीस मिनिटं आधी परत या. घड्याळापेक्षा सोपा नियम: तुमच्या पुढे सहा जण उरले की बाकावर असा.

टोकन घेताना मोबाईल नंबर दिला असेल तर पुढे आठ जण उरल्यावर मेसेज येतो. पण आतल्या बाजूच्या बाकांपाशी रेंज मिळत नाही. मेसेज आला नाही म्हणून नंबर आला नाही असं धरू नका.

नंबर पुकारला आणि तुम्ही नव्हतात

नंबर तीनदा पुकारतात, प्रत्येक वेळी पडद्यावरही तो लुकलुकतो. तरी कोणी आलं नाही तर पुढचा बोलावतात आणि तुमचं टोकन बाजूला ठेवतात. ते रद्द होत नाही. परत आल्यावर खोलीच्या दाराशी जाऊ नका. दारावरच्या मामांना यंत्रातला नंबर बदलता येत नाही, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. खिडकी २ वर टोकन दाखवा. तिथे ‘हजर’ अशी नोंद झाली की पुढच्या तीन जणांनंतर तुम्हाला बोलावलं जातं. लगेच का नाही? कारण ते तिघं वेळेवर येऊन बसलेले आहेत. एक तासाहून जास्त उशीर झाला तर मात्र नवं टोकन घ्यावं लागतं.

पुकारताना नाव घेत नाही, फक्त नंबर. कोण कशासाठी आलंय हे साऱ्या हॉलला कळायचं कारण नाही. ऐकू कमी येत असेल किंवा पडद्यावरचं वाचता येत नसेल तर टोकन घेतानाच सांगा. टोकनावर निळा शिक्का मारतात, आणि त्या नंबरला मावशी स्वतः बाकापाशी येऊन बोलावतात. यात संकोच करू नका. शिक्क्यामुळे रांग बदलत नाही.

पेशंट दुसरीकडे बसला आणि टोकन घेऊन नातेवाईक हॉलमध्ये थांबले तरी चालेल, नंबर लागताना पेशंट दाराशी हवा. एका पेशंटला एकच टोकन. ‘आमचं लवकरचं आहे, तुम्ही घ्या’ असं टोकन दुसऱ्याला देऊ नका. टोकन केसपेपरच्या नंबराला जोडलेलं असतं, आत गेल्यावर डॉक्टरांसमोर भलत्याच माणसाची माहिती उघडते. औषधांच्या खिडकीवर टोकन नाही, साधी रांग आहे.

वीज गेली किंवा यंत्र बंद पडलं तर टोकनं तीच राहतात. सिस्टर हातातल्या यादीवरून पुकारतात, अंदाजे वेळ मात्र तेवढ्यापुरती मिळत नाही.

बारा वाजल्यानंतर

टोकन देणं १२:०० वाजता बंद होतं. ज्यांच्या हातात त्याआधी टोकन आलंय त्या सगळ्यांना आजच पाहिलं जातं, कितीही उशीर झाला तरी. ओपीडीची वेळ १:३० पर्यंत लिहिलेली असली तरी दीड वाजता दार लावून कोणाला परत पाठवत नाहीत. तुम्हालाच थांबणं शक्य नसेल तर टोकन घेऊन तसेच घरी जाऊ नका, ते उद्या चालत नाही. जाण्याआधी खिडकी २ वर परत करा. तिथे केसपेपरवर उद्याची तारीख आणि शिक्का मारून देतात. तो दाखवला की उद्याच्या पहिल्या दहा टोकनांपैकी एक मिळतं, मात्र ९:०० च्या आत यावं लागतं.