भांडणाचा कप्पा

दिवाळीला दहिवडीला आलेली मुक्ता फराळाच्या ताटाशेजारीच लॅपटॉप उघडून बसली होती. पीएचडीचं तिसरं प्रकरण गाईडना डिसेंबरात हवं होतं आणि पहिला परिच्छेदच जुळत नव्हता. विषय तिच्याच तालुक्यातला. 1972 च्या दुष्काळी कामांपासून 1977 च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत माणदेशातल्या बायकांची मजुरी. संदर्भ साठवायच्या झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये अहवाल, गॅझेटियर, विधिमंडळातल्या चर्चा, मुलाखती असं सगळं साठवलेलं होतं. कुठलं वाक्य कशात वाचलं, तेवढं मात्र सापडत नव्हतं.

"फोल्डर कसे केलेस?" आजीने विचारलं.

"पुस्तकाप्रमाणे. एका पुस्तकाची टिपणं एका फोल्डरमध्ये."

"मग ते पुस्तकांचं कपाट झालं. तुझा प्रश्न कुठल्या फोल्डरमध्ये आहे?"

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरी सांभाळून तिने शिवाजी विद्यापीठातून बाहेरून इतिहासात एम.ए. केलं, तेव्हाची तिची कार्डं माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात होती. मुक्ताने डबा खाली उतरवला. कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एका मापाने कापलेल्या. प्रत्येकीला खाली मधोमध भोक, आणि सगळ्या सायकलच्या तारेत ओवलेल्या. डबा उलटला तरी क्रम मोडायचा नाही. एका कार्डाच्या मागे अजून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वाचता येत होतं.

"एका कार्डावर एकच मुद्दा," आजी तार सोडवत म्हणाली. "दोन झाले की दुसरं कार्ड. कागदाची काटकसर इथे करायची नाही. वर उजवीकडे प्रश्न, डावीकडे कुठून घेतलं ते, पानासकट. निळ्या शाईतलं दुसऱ्याचं, जसंच्या तसं. लाल शाईतलं माझं."

लाल शाई फार कमी होती. मुक्ताच्या टिपणांत उतारा कुठे संपतो आणि आपलं मत कुठे सुरू होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कार्डांच्या मध्ये पुठ्ठ्याचे उंच तुकडे होते, त्यांवर आजीच्या फळ्यावरच्या अक्षरात मथळे: पाणी, मिलो, सुकडी, शाळेची हजेरी, खडी. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जाड कप्प्यावर, भांडण.

"हे काय?"

"ज्या दोन कार्डांचं एकमेकांशी पटत नाही, ती इथे. जोडीने. मिटवायची घाई करायची नाही."

मुक्ताने एक जोडी बाहेर काढली. पहिल्या कार्डावर पाझर तलावाच्या कामावरच्या हजेरीचे आकडे होते, पुरुष किती, बायका किती. पुरुष दुपटीहून जास्त. दुसऱ्यावर डावीकडे लिहिलं होतं, 'चौथीतल्या मुलीची आई, शाळेच्या ओट्यावर, उन्हाळा 1973'. खाली निळ्या शाईत एकच ओळ: 'मस्टरवर नाव मालकाचं, खडी म्या फोडली.'

मुक्ता ती ओळ बराच वेळ वाचत राहिली. मग तिने लॅपटॉप ओढला आणि स्वतःचा तक्ता उघडला. तिसरं प्रकरण ज्यावर उभं करायचं ठरवलं होतं, तो तक्ता अशाच हजेरीपत्रकांवरून केलेला होता.

"आजी, मस्टरमध्ये अशा बायका दिसणारच नाहीत गं. माझे आकडे..."

"आकडे टाकून देऊ नकोस. मुकादमाने काय लिहिलं, याचा तो पुरावा आहेच. काम कोणी केलं, हा प्रश्न वेगळा. त्याचं कार्ड वेगळं."

जेवणं होईपर्यंत मुक्ताने पुस्तकांचे फोल्डर तसेच ठेवून झोटेरोत प्रश्नांचे टॅग लावायला घेतले होते: नाव कोणाचं, मोजमाप कोणी घेतलं, पैसे कोणाच्या हातात पडले, पोर कोणी सांभाळलं. शेवटी भांडण. त्या टॅगखाली रात्रीपर्यंत अकरा नोंदी आल्या. त्यातल्या तीन तिने दोन वर्षांपूर्वीच वाचल्या होत्या, फक्त त्या वेगवेगळ्या पुस्तकांत राहिल्या म्हणून समोरासमोर कधी आल्या नव्हत्या. प्रकरणाची मांडणी तिने वहीत नव्याने लिहिली. सुरुवात तक्त्यापासून, आणि लगेच त्याच्यासमोर ही ओळ.

"हे कार्ड मी प्रबंधात वापरू? तळटीप काय देऊ?"

आजीने चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं.

"एकटीच्या सांगण्यावर नको. मी ऐकलं तसं लिहिलं, पण खडी फोडताना मी तिला पाहिलेलं नाही. मी तेव्हा वर्गात होते. आणि उलट विचारलंही नाही, किती दिवस, कुठल्या कामावर."

"आता कोणाला विचारणार?"

"ती बाई गेली. पण तिची लेक म्हसवडला असते, माझी विद्यार्थिनी. आईबरोबर कामावर तीही जायची, म्हणून तर हजेरीत तिची गैरहजेरी लागायची." आजीने डब्यातून एक कोरी पत्रिका काढून मुक्तापुढे ठेवली. "वर उजवीकडे प्रश्न आत्ताच लिहून ठेव. सकाळची पहिली एसटी पकडू."