मंगळवारी न कळवता मीटिंगला आले नाही, त्याबद्दल

मंगळवार, दुपारी ४.२५, टीमच्या ग्रुपवर

आत्ता फोन पाहिला. तीनची मीटिंग माझ्याकडून चुकली, आणि तुम्हाला काही कळवलंही नाही. सॉरी. मी ठीक आहे, घरीही सगळं ठीक आहे, काळजी करू नका. तुमचं काय ठरलं आणि काय अडलं ते ग्रुपवर वाचतेय. माझ्यामुळे अडलेल्या प्रश्नांची उत्तरं आज सातच्या आत सगळ्यांना मेलवर देते. तोवर कोणी माझ्यासाठी थांबू नका.

वैशाली

मंगळवार, संध्याकाळी ६.५०, मेल

विषय: आज मी मीटिंगला नव्हते, आणि अडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं

शिरीष सर, प्राची, मकरंद, अनघा आणि बाकी सगळे,

आजच्या रिलीजच्या मीटिंगला मी आले नाही आणि तसं कळवलंही नाही. मनापासून माफी मागते.

मीटिंग माझ्या कॅलेंडरमध्ये होती आणि वेळही बरोबर होती. दुसऱ्या एका कामात डोकं घालून बसले होते, नोटिफिकेशन बंद होती, फोन ड्रॉवरमध्ये होता. वेळेकडे लक्षच गेलं नाही. कारण एवढंच आहे आणि ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

मघाशी ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला. ३.०४ ला ‘वैशाली येतेय ना?’. ३.०९ ला ‘रिंग वाजतेय, उचलत नाहीये’. ३.१७ ला मकरंदचं ‘काही झालं तर नाही ना तिला?’. ३.२५ ला सरांनी ‘सुरू करूया’ म्हटलं. सात जण पंचवीस मिनिटं थांबलात, म्हणजे जवळजवळ तीन तास गेले, आणि त्यातला काही वेळ माझी काळजी करण्यात गेला. मकरंदची ती ओळ वाचून मला सगळ्यात जास्त लाज वाटली. ‘उशीर होतोय, तुम्ही सुरू करा’ एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

त्यापुढचं नुकसान मोठं आहे. रोलबॅकची सगळी माहिती माझ्या एकटीकडे होती, म्हणून गुरुवारच्या रिलीजला ‘हो’ किंवा ‘नाही’ कोणालाच म्हणता आलं नाही आणि रिलीज शनिवारी रात्रीवर गेलं. त्याचा भुर्दंड तुमच्या सुट्टीला. त्याबद्दल खाली लिहिते. आधी अडलेले प्रश्न.

पहिला, मकरंदचा: नवा इंडेक्स तयार होत असताना बिलांचं टेबल बंद राहील का?
नाही. इंडेक्स `CREATE INDEX CONCURRENTLY` ने करतोय, त्यामुळे नवी बिलं लिहिली जात राहतील. त्याला साध्या पद्धतीपेक्षा जास्त वेळ लागतो. टेस्टच्या कॉपीवर ३८ मिनिटं लागली, शनिवारी तासभर धरून चाला. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून ती मायग्रेशनमधून काढून वेगळी पायरी केली आहे. मधेच काही तुटलं तर अर्धवट इंडेक्स `INVALID` म्हणून मागे राहतो. कुठल्याही क्वेरीला तो उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्याच्यावर काम मात्र होत राहतं. तो तसाच ठेवायचा नाही, आधी काढायचा:

```sql
DROP INDEX CONCURRENTLY IF EXISTS idx_bills_customer;
```

आणि मग पुन्हा सुरुवातीपासून. घाईत दुसऱ्या नावाने नवा इंडेक्स करू नका. तो उद्योग मी एकदा करून बसलेय.

दुसरा, सरांचा: रिलीजनंतर गडबड झाली तर मागे कसं यायचं?
फक्त कोड मागे न्यायचा, डेटाबेसला हात लावायचा नाही. नवा कॉलम रिकामा राहू शकतो आणि जुना कोड त्याच्याकडे बघतही नाही. जुन्या कोडमधल्या सगळ्या इन्सर्टमध्ये कॉलमची नावं लिहिलेली आहेत का, हे मी आज पुन्हा एकेक उघडून पाहिलं. आहेत. त्यामुळे कॉलम काढायची घाई नाही. तो नंतर, दिवसा, शांतपणे काढू.

तिसरा, अनघाचा: बॅकअप खरंच परत चढवून पाहिला आहे, की नुसता घेऊन ठेवला आहे?
चढवून पाहिला आहे, गेल्या शुक्रवारी, वेगळ्या मशीनवर. १ तास ५० मिनिटं लागली. त्यानंतर मोठ्या चार टेबलांमधल्या ओळींची संख्या जुळवली. प्रश्न अगदी बरोबर होता. मी शुक्रवारीच हे लिहून ठेवलं असतं तर आज विचारायची वेळच आली नसती.

हे तिन्ही आता टीमच्या फोल्डरमध्ये ‘शनिवार रोलबॅक’ नावाच्या फाइलमध्ये आहे, कमांडसकट. मकरंद, उद्या सकाळी ती फाइल मला काहीही न विचारता टेस्टवर चालवून बघशील का? कुठे अडलास तर ती फाइलमधली चूक समजायची.

आता शनिवार. रात्रीच्या रिलीजला प्राची आणि मकरंद बसणार असं ठरलेलं दिसतंय. प्राचीच्या जागी मी बसते. तिचा शनिवार माझ्यामुळे जायला नको. मकरंद, तुझं काम इंडेक्स पूर्ण होईपर्यंतच आहे, त्यानंतर तू मोकळा. रविवारी सकाळचं लक्ष ठेवणंही माझ्याकडे. सर, तुमची हरकत नसेल तर रोस्टरमध्ये तसा बदल करते.

आणि नोटिफिकेशन. काम करताना ती बंद ठेवणं मी सोडणार नाही, खोटं कशाला बोलू. पण मीटिंगच्या आधी दहा मिनिटं वाजणारा गजर आता फोनवर लावला आहे, आणि फोन टेबलावर असेल. तरीही मीटिंगच्या वेळेनंतर पाच मिनिटांत मी आले नाही, तर माझी वाट न बघता सुरू करा.

उद्या साडेतीनला सरांनी पंधरा मिनिटं ठेवली आहेत. मी असेन.

वैशाली

मंगळवार, रात्री ८.१५, प्राचीला

प्राची, मेल सगळ्यांना गेला आहे, हे फक्त तुला.

आज माझ्या जागी तुला बोलावं लागलं, तेही तयारी नसताना, सरांसमोर आणि अनघासमोर. रेकॉर्डिंग ऐकलं. दोन वेळा तू ‘हे मला माहीत नाही, वैशालीताईंना विचारून सांगते’ म्हणालीस. तेच योग्य होतं. अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं असतंस तर शनिवारी आपण सगळेच गोत्यात आलो असतो. न सांभाळता येणारी गोष्ट तुझ्या गळ्यात पडली ती माझ्यामुळे. सॉरी.

शनिवारी तू येऊ नकोस. ‘चालेल हो, मी येते’ असं भिडेखातर म्हणणार असशील तर म्हणू नकोस. रोलबॅकचा भाग मात्र तुला खरंच शिकायचा असेल तर पुढच्या आठवड्यात एक तास बसू, कामाच्या वेळेत. वेळ तू ठरव.

मंगळवार, रात्री ८.३०, अनघाला

अनघा, तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. तू त्या एका मीटिंगसाठी उठलीस आणि जिच्याशी बोलायचं होतं तीच नव्हती. माफ कर. बॅकअपचं उत्तर मेलमध्ये सविस्तर आहे, ओळींच्या संख्येचा तक्ताही जोडलाय. उद्याच्या पंधरा मिनिटांसाठी पुन्हा उठू नकोस. तक्ता बघून काही खटकलं तर तुझ्या सकाळी, सावकाश, लिही. मी इथे रात्री जागी असेन, तुझं बघूनच झोपेन.

बुधवार, दुपारी ३.३०, मीटिंगच्या सुरुवातीला

सुरू करायच्या आधी अर्धा मिनिट घेते.

काल मी आले नाही आणि कळवलं नाही. मेलमध्ये लिहिलंय, पण समोरासमोरही म्हणायचं होतं: चूक माझी होती, आणि मला वाईट वाटतंय. मकरंद, काळजीने तीनदा फोन केलास, त्याबद्दल थँक्स, आणि त्याबद्दल सॉरीही.

नाही सर, ‘होतं असं कधीकधी’ म्हणू नका. म्हणजे, तुम्ही म्हणताय ते मोठेपणाने म्हणताय, पण काल इथे सात जण बसले होते.

बरं, कामाचं. मकरंदने सकाळी फाइल चालवून पाहिली. एका ठिकाणी अडला. अर्धवट इंडेक्स राहिला आहे का, हे बघायची कमांडच मी लिहिली नव्हती. माझ्या डोक्यात होती, फाइलमध्ये नव्हती. पुन्हा तेच. आता घातली आहे, स्क्रीनवर दाखवते:

```sql
SELECT indexrelid::regclass
FROM pg_index
WHERE NOT indisvalid;
```

काही ओळ आली तर आधी ती निस्तरायची, मग पुढे. काहीच आलं नाही तर पुढची पायरी. मकरंदने फाइल दुसऱ्यांदा चालवली तेव्हा मी खोलीत नव्हते, मुद्दाम बाहेर गेले होते. पूर्ण झाली.

अनघाचं उत्तर रात्री आलं. तक्ता जुळतोय, तिची हरकत नाही. शनिवारच्या रोस्टरमध्ये प्राचीच्या जागी माझं नाव घातलंय.

सर, शनिवारचं ‘हो’ की ‘नाही’, ते आता ठरवूया. माझ्याकडून ‘हो’ आहे. मकरंद, तुझं?