वेदांतच्या तपासणीचा सारांश: शाळेसाठी

मा. मुख्याध्यापक सर आणि इयत्ता ४थीच्या वर्गशिक्षिका मॅडम, नमस्कार.

वेदांत (वय ९ वर्षं ४ महिने, सेमी इंग्लिश) याला त्याचे आईवडील जुलैमध्ये माझ्याकडे अमळनेरला घेऊन आले. तीन वेळा मिळून साधारण पाच तास मी त्याच्यासोबत होते. मॅडमनी भरून दिलेला फॉर्म आणि वेदांतच्या तीन वह्या पण बघितल्या. मोठा रिपोर्ट पालकांकडे आहे, तो टेक्निकल आहे, म्हणून वर्गात उपयोगी पडेल तेवढंच इथे साध्या भाषेत लिहितेय. पालकांची लेखी परवानगी घेतली आहे.

आधी मुख्य गोष्ट. वेदांतला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन आणि शुद्धलेखनातली अध्ययन अक्षमता. तो आळशी नाही, आणि 'ढ' तर अजिबात नाही. मालिनच्या बुद्धिमत्ता चाचणीत तो त्याच्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतकाच आला, चित्रं जुळवणं आणि ठोकळ्यांच्या कामात तर जरा वरच. कमी पडला तो फक्त आकडे ऐकून लक्षात ठेवण्यात, चार आकडे सांगितले की गडबडतो. डोळे आणि कान मी पहिल्याच भेटीनंतर तपासून आणायला सांगितले होते, दोन्ही नॉर्मल आहेत.

वाचनाचं सांगते. चौथीच्या पुस्तकातला उतारा त्याने मिनिटाला २२ शब्द या वेगाने वाचला, त्यातले ७ चुकले, आणि वाचून झाल्यावर काय वाचलं विचारलं तर सांगता आलं नाही, कारण सगळी ताकद अक्षरं ओळखण्यातच संपली. मग तेवढ्याच लांबीचा दुसरा उतारा मी त्याला वाचून दाखवला, तर दहापैकी नऊ उत्तरं बरोबर! मी विचारलं असं कसं रे, तर म्हणाला, "आयकं ते समजस, वाचं ते इसरी जास." माझ्या सगळ्या चाचण्यांचा निष्कर्ष त्या एका वाक्यात आहे.

घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत तो अडकतो. जोडाक्षर आलं की एक अक्षर गाळतो, 'प्रश्न'चं 'पश्न', 'स्वच्छ'चं 'सच'. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे त्याचा हमखास गोंधळ होतो. तोंडी गणित चांगलं आहे, ठिबकच्या नळ्या किती लागतील याचा हिशोब त्याने मला बोलता बोलता करून दाखवला, पण तसंच शाब्दिक उदाहरण छापलेलं दिलं तर कोरं सोडलं, म्हणजे अडचण गणिताची नाहीये, उदाहरण वाचण्याची आहे.

आता एक गोष्ट मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे इथे खूप गल्लत होते. वेदांतच्या घरी अहिराणी बोलतात. तो 'शाळा'चं 'शाया', 'डोळे'चं 'डोये' लिहितो, 'पाणी'चं 'पानी' लिहितो. ह्या चुका डिस्लेक्सियाच्या नाहीत, अहिराणीत ळ चा य आणि ण चा न होतो आणि तो जसं बोलतो तसंच लिहितोय, उलट इथे तो आवाज बरोबर पकडतोय असं म्हणायला पाहिजे. वहीत चुका मोजताना ह्या वेगळ्या ठेवा. आणि वाचनाची अडचण घरच्या बोलीमुळे आलीय असंही नाही, त्याच गल्लीतली अहिराणी बोलणारी बाकीची पोरं वाचायला शिकलीच की. म्हणून घरी अहिराणी बंद करा असं कृपया कोणी आईला सांगू नका, आधीच एकदा कोणीतरी सांगितलंय आणि ती माऊली पोराशी बोलताना अडखळायला लागलीय. कानबाईचा सण कसा होतो ते विचारलं तर ह्या पोराने दळणापासून विसर्जनापर्यंत क्रमाने सांगितलं, एक टप्पा चुकला नाही. ती भाषा त्याची ताकद आहे. वर्गात तोंडी उत्तर अहिराणीत दिलं तर घ्या, मग तेच प्रमाण मराठीत त्याच्याकडून म्हणवून घ्या.

वर्गात सगळ्यात आधी एक करा, अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावणं आजपासून थांबवा. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखतं, रविवारी दुखत नाही, आणि त्याने मला सांगितलं की भीती वाचनाच्या तासाचीच वाटते. वाचायला द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी चार ओळी ठरवून द्या, आई तयारी करून घेईल. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्याचा ह्या मुलांना उपयोग होत नाही, चुकीचंच दहा वेळा गिरवलं जातं. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं आवाजावर काम हवं: शब्द टाळ्या वाजवत तोडायचा, 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं असं विचारायचं, मग ज्वारीच्या दाण्यांच्या ताटात बोटाने अक्षर काढत त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. एका आठवड्यात घ आणि ध दोन्ही एकत्र घेऊ नका, एक पक्कं झाल्यावर दुसरं. वर्गात ४८ मुलं आहेत हे मला माहीत आहे मॅडम, म्हणून हे तुमच्या एकट्यावर टाकत नाहीये, परिपाठानंतरची दहा-पंधरा मिनिटं दुसरे कोणी शिक्षक घेऊ शकले तरी चालेल, पद्धत मी शाळेत येऊन दाखवते.

फळ्यावरचं उतरवण्यात त्याचा अर्धा तास जातो, शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स दिली तरी पुरे. पुढच्या बाकावर बसवा पण शिक्षा म्हणून नाही. परिसर अभ्यासाच्या पेपरमध्ये शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, उत्तर बरोबर आहे का तेवढंच बघा. परीक्षेत प्रश्न कोणीतरी वाचून दाखवावा आणि तासाला २० मिनिटं जादा द्यावीत. इंग्रजीत सध्या तोंडी काम जास्त, स्पेलिंग आठवड्याला पाचच.

सर, हा सारांश म्हणजे सर्टिफिकेट नाही. ते सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डाकडून मिळतं, पालकांना कागद समजावून दिलेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावरच मिळतील. पण वर्गातली मदत सुरू करायला सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही.

हा कागद मॅडम आणि तुमच्याकडेच राहू द्या, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकू नका. डिस्लेक्सिया पूर्ण जाणार नाही, पण वाचन नक्की सुधारतं, वेळ लागतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत तपासणार आहे, तेव्हा मॅडमनी दर शनिवारी वहीच्या मागे दोन ओळी लिहून ठेवल्या, ह्या आठवड्यात काय जमलं काय नाही, तर फार मदत होईल. पोटदुखीचे दिवस पण तिथेच लिहा.

आपली,
मुलांची सायकॉलॉजिस्ट, अमळनेर