काकांची पावती: उतारा, प्रश्न आणि नमुना उत्तरे

(डिचोलीच्या संध्याकाळच्या वर्गासाठी. आधी उतारा एकदा सलग वाचा, मग पेन घ्या. कॅल्क्युलेटर चालेल, शेजाऱ्याची वही चालणार नाही. एकूण गुण 25.)

उतारा

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कुंडईच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात भविष्यनिधी आणि ग्रॅच्युइटी मिळून 9 लाख रुपये आले. वय 61. आयुष्यात एवढी रक्कम त्यांनी एकरकमी कधी पाहिली नव्हती. पहिले आठ दिवस बचत खात्यातला आकडा दिवसातून दोनदा बघणे एवढाच उद्योग चालला होता.

एप्रिल 2025 मध्ये त्यांनी डिचोलीच्या शाखेत 4 लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव केली. ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का धरून दर 7 टक्के, व्याज मुदतीअखेर. बँक अशा ठेवीवर दर तिमाहीला व्याज मोजून मुद्दलात मिळवते, म्हणजे वर्षाचे 7 टक्के एकदम न लागता दर तीन महिन्यांनी 1.75 टक्के लागतात आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज मिळते. त्याच बँकेच्या साखळी शाखेत, त्याच दराने आणि त्याच मुदतीसाठी, त्यांनी आणखी 2 लाख ठेवले. ‘दोन शाखा, दोन टोपल्या’ हा त्यांचा हिशेब.

उरलेल्या 3 लाखांवर डोळा होता तो एका पतसंस्थेच्या एजंटाचा. दर साडेनऊ टक्के. बाल्कावात चहा घेता घेता त्याने छापील पत्रक पुढे केले. मावशी आतून कुळथाच्या कढणाचा हात पुसत आली आणि तिने एकच विचारले, “बुडाली तर देणार कोण?” एजंट म्हणाला, “बुडेल कशी मावशी? चेअरमन आपल्या गावचेच. आणि संस्था सहकार निबंधकांकडे नोंदलेली आहे, पक्की.” मावशी म्हणाली, “नोंद तर आमच्या कुत्र्याचीसुद्धा आहे.” चहा संपला, विषयही संपला. ते 3 लाख पहिल्याच बँकेत मावशी आणि काका अशा संयुक्त नावाने गेले. पहिले नाव मावशीचे.

मावशीच्या प्रश्नाला बँकेच्या बाबतीत उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा महामंडळ एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. त्याच नावाच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. एकट्याच्या नावची ठेव आणि संयुक्त नावाची ठेव मात्र वेगवेगळी मोजतात. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. ही मर्यादा 1993 पासून 1 लाख होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली. सहकारी बँका या विम्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. गोव्यात ही गोष्ट पुस्तकातली राहिलेली नाही: म्हापशाच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना 2020 मध्ये आणि मडगावच्या नागरी सहकारी बँकेचा 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला.

वर्षभर सगळे सुरळीत होते. मग एप्रिल 2026 मध्ये वासे किडलेले निघाले. पावसाच्या आधी छप्पर उतरवून नवे घालायला 1 लाख लागणार होते, आणि चवथीला घरात गणपती, म्हणजे थांबायची सोय नाही. काका पावती घेऊन शाखेत गेले. ठेवीला बरोबर एक वर्ष झाले होते. काउंटरवरच्या मुलीने पावती उलटी करून मागचा बारीक मजकूर त्यांच्यासमोर धरला: ठेव मुदतीआधी मोडल्यास, ती जितका काळ राहिली त्या काळासाठी ठेव ठेवतानाच्या दिवशी जो दर होता तो लागू होईल, आणि त्यातून 1 टक्का दंड वजा होईल. एक वर्षाचा ज्येष्ठांचा दर त्या दिवशी 6.6 टक्के होता. ठेव मोडायची तर पूर्ण 4 लाखांची मोडावी लागणार होती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला आणि म्हणाले, “हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” सांगितले होते. पावतीच्या मागे.

प्रश्न

1. काकांच्या एकट्याच्या नावे त्या बँकेत मुद्दल किती होते? बँक बुडाली असती तर त्यांतले किती सुरक्षित होते? ‘दोन शाखा, दोन टोपल्या’ हा हिशेब कुठे चुकतो? (5)

2. 4 लाखांच्या ठेवीवर पहिल्या वर्षी व्याज किती झाले? सरळव्याजाने किती झाले असते? (4)

3. ठेव वर्षाअखेर मोडली तर व्याज किती मिळेल? नुकसान किती? (4)

4. काकांनी ठेव मोडण्याऐवजी आणि ठेवतानाच, असे दोन प्रसंगी काय वेगळे करता आले असते? (5)

5. ‘सहकार निबंधकांकडे नोंदणी’ म्हणजे ठेव सुरक्षित, हे एजंटाचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत तपासा. (3)

6. महागाई वर्षाला 6 टक्के धरा आणि ठेवीदार 20 टक्के कराच्या टप्प्यात आहे असे धरा. 7 टक्क्यांच्या ठेवीतून त्याच्या हाती खरे काय उरते? (व्याज सरळ धरले तरी चालेल.) (2)

7. काकांच्या ठेवीचे व्याज आयकर विवरणात कोणाच्या नावे दाखवायचे? गोव्याच्या संदर्भात उत्तर द्या. (2)

नमुना उत्तरे

1. मुद्दल 6 लाख: डिचोलीचे 4, साखळीचे 2. बँक एक, ठेवीदार एक, म्हणून शाखा कितीही असल्या तरी विमा 5 लाखांवर थांबतो. 1 लाख मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचे सगळे व्याज उघड्यावर राहते. टोपल्या दोन दिसतात, पण त्या एकाच झाडाला टांगलेल्या आहेत. संयुक्त नावाचे 3 लाख वेगळे धरले जात असल्यामुळे ते पूर्ण सुरक्षित होते. हे ज्यांनी लिहिले त्यांना एक गुण जास्त दिला आहे, कारण प्रश्नात ते विचारलेले नव्हते. काही जणांनी ‘सरकारी बँक बुडत नाही, म्हणून प्रश्नच येत नाही’ असे लिहिले. उताऱ्यात ती बँक सरकारी आहे असे कुठेही म्हटलेले नाही. नीट वाचा.

2. तिमाही 1.75 टक्के, चार वेळा:

```
4,00,000 × (1.0175)^4 = 4,28,744
```

व्याज 28,744 रुपये. सरळव्याजाने 28,000 झाले असते, फरक 744. एका वर्षात तो किरकोळ वाटतो. पण तीन वर्षे पूर्ण झाली असती तर 4,92,576 हाती आले असते, म्हणजे 92,576 व्याज, सरळव्याजाने 84,000. तेव्हा फरक 8,576 होतो. व्याज दरमहा घेतले तर ही वाढ होत नाही. उलट बँक ते तिमाहीच्या आधी देत असल्यामुळे थोडे कापूनच देते: याच ठेवीवर महिना 2,333 ऐवजी सुमारे 2,320 रुपये. हातखर्चासाठी पैसे लागत असतील तर तो सौदा वाईट नाही, फक्त तो सौदा आहे हे माहीत असावे.

3. लागू दर 6.6 वजा 1, म्हणजे 5.6 टक्के. तिमाहीला 1.4.

```
4,00,000 × (1.014)^4 = 4,22,875
```

व्याज 22,875. ठेव चालू राहिली असती तर या वर्षाचे 28,744 होते, म्हणजे नुकसान 5,869 रुपये. वर्गातल्या निम्म्या लोकांनी 7 मधून 1 वजा करून 6 टक्के धरले. दंड 7 मधून जात नाही. आधी दर उतरतो, मग दंड बसतो, हा दुहेरी फटका आहे आणि पावतीवर तो दीड ओळीत बसवलेला असतो. मुद्दलाला मात्र धक्का लागत नाही. ‘4 लाखांतले पैसे गेले’ हे उत्तर चूक.

4. मोडण्याऐवजी: ठेवीवर कर्ज. बँका साधारणपणे ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. ठेव चालूच राहते. काकांना 1 लाखावर दर दोन टक्के जास्त पडला तरी, सहा महिन्यांत फेडले तर ठेवीचे व्याज वळते करून त्यांचा निव्वळ खर्च हजाराच्या आसपास येतो. 5,869 शी ताडून पाहा.

ठेवतानाच: 4 लाखांची एक पावती न करता 1 लाखाच्या चार करायच्या. मग फक्त एक मोडावी लागली असती आणि नुकसान चौथ्या हिश्शाएवढे, सुमारे 1,467 रुपये झाले असते. चारही पावत्यांवर दर तोच. माझ्या मते उताऱ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, आणि तो काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. काकांनी शेवटी कर्जच घेतले. छप्पर चवथीच्या आधी झाले.

5. निबंधकांकडे नोंदणी म्हणजे संस्था कायद्याने अस्तित्वात आहे. ठेवीचा विमा ही वेगळी गोष्ट, आणि ती पतसंस्थेला मिळत नाही. चेअरमन गावचे असणे हे ओळखीचे उत्तर झाले, मावशीच्या प्रश्नाचे नव्हे. साडेनऊ आणि सात यांतला अडीच टक्क्यांचा फरक हा त्या न दिलेल्या उत्तराची किंमत आहे. सगळ्या पतसंस्था वाईट असे लिहिणाऱ्यांचे गुण कापले आहेत. तसे उतारा म्हणत नाही.

6. कर गेल्यावर 7 चे 5.6 टक्के उरतात. महागाई 6, म्हणजे खरी वाढ उणे 0.4 टक्के. पावतीवर आकडा वाढतो, पण बाजारात त्या पैशाचे बांगडे थोडे कमीच येतात. ही जोखीम बँक कितीही भक्कम असली तरी राहते.

7. दोघांच्या, अर्धे-अर्धे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची संपत्तीच्या सामाईक मालकीची पद्धत ज्या नवरा-बायकोला लागू आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 5A प्रमाणे दोघांत सारखे विभागले जाते. म्हणून 2025-26 साठी काकांच्या दोन्ही ठेवींचे मिळून 43,116 रुपये व्याज असेल, तर 21,558 मावशीच्या विवरणात. संयुक्त ठेवीचे व्याजही तसेच विभागायचे. मूळस्रोतावर कर कापला गेला नाही म्हणजे कर नाहीच, असे समजू नये: त्या वर्षी ज्येष्ठांसाठी कपातीची मर्यादा एका बँकेतल्या व्याजाला 1 लाख होती, म्हणून काकांचा कर कापला गेला नाही, एवढेच. या प्रश्नाला वर्गात फक्त एकाच बाईंनी बरोबर उत्तर दिले. त्यांचे यजमान सनदी लेखापालाकडे कारकून आहेत, हे त्यांनी उत्तराखाली स्वतःच लिहून ठेवले होते.